फोनवर H+ दिसतं की LTE? चंद्रपूर-गडचिरोलीतल्या वाचकांसाठी

आमच्याकडे मोबाइलबद्दल जे प्रश्न येतात, त्यांतले तीन पुन्हा पुन्हा येतात. पहिला : "माझ्या फोनवर H+ दिसतं, शेजाऱ्याच्या फोनवर 4G दिसतं. सिम दोघांचंही बीएसएनएलचं. असं का?" दुसरा : "4G आहे, दांड्याही पूर्ण आहेत, तरी फॉर्मचं पान उघडत नाही." आणि तिसरा : "फोन लावला की 4G जाऊन E येतं. फोन बिघडला का?" भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची, जिवती अशा तालुक्यांतून हे प्रश्न जास्त येतात. तिथे कोणत्या झाडाखाली टॉवर मिळतो हे घरातल्या प्रत्येकाला पाठ असतं, पण मिळालेला टॉवर काय कामाचा आहे हे कुणी सांगत नाही.

ते ओळखण्याची सुरुवात फोनच्या वरच्या पट्टीतल्या त्या छोट्या अक्षरांपासून होते. मात्र ती अक्षरं नेमकं काय सांगतात आणि कुठे गप्प बसतात, ही दोन्ही उत्तरं माहीत हवीत.

दांड्या वेगळ्या, अक्षर वेगळं

दांड्या सांगतात की टॉवरचा सिग्नल तुमच्यापर्यंत किती जोरात पोचतो आहे. शेजारचं अक्षर सांगतं की तुमचा फोन आणि तो टॉवर कोणत्या पिढीच्या तंत्राने बोलत आहेत. म्हणून E आणि पूर्ण दांड्या असलेला फोन हा 4G आणि दोन दांड्या असलेल्या फोनपेक्षा जवळजवळ नेहमीच हळू चालेल. दांड्या पाहून जागा निवडू नका, आधी अक्षर पाहा.

आपल्या दोन जिल्ह्यांत जी चिन्हं दिसतात त्यांचा अंदाज असा धरा. पुस्तकातले कमाल आकडे मोठे असतात. इथे प्रत्यक्ष हातात पडणारा साधारण वेग दिला आहे.

- G : टूजीचं सर्वांत जुनं रूप. ३० ते ५० केबीपीएस. व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता मजकूर जातो, तोही थांबत थांबत.
- E : टूजीच, थोडं सुधारलेलं. ८० ते १५० केबीपीएस. मजकूर जातो, छोटा फोटो रखडत जातो, व्हिडिओचं नाव काढू नका.
- 3G, H, H+ : तिन्ही थ्रीजीच्याच घरातली. H वर साधारण १ ते ३ एमबीपीएस, H+ वर २ ते ५. कागदावर H+ ची कमाल २१ एमबीपीएस आणि पुढच्या प्रकारात ४२ आहे, पण ती इथे पाहायला मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका.
- 4G किंवा LTE : दोन्ही एकच. कोणत्या फोनवर कोणतं अक्षर यावं हे फोन बनवणारा आणि मोबाइल कंपनी ठरवतात. टॉवर रिकामा आणि जवळ असेल तर १० ते ३० एमबीपीएस, गर्दीत १ ते २, कधी त्याहूनही कमी.
- 4G+ किंवा LTE+ : फोन एकाच वेळी दोन पट्ट्यांवरून डेटा घेतो आहे. हे शहरात आणि तालुक्याच्या गावी दिसतं.
- 5G : चांगल्या ठिकाणी शेकडो एमबीपीएस. पण टॉवरपासून लांब, कमी रुंदीच्या पट्टीवर मिळणारं 5G हे चांगल्या 4G इतकंच चालतं. आणि काही फोन जवळ फाइव्हजीची सोय आहे एवढ्यावरच 5G दाखवतात, डेटा मात्र 4G वरूनच येत असतो.

H+ हे अक्षर पाहून अनेकांना ते 4G च्या वरचं वाटतं. ते 4G च्या खालचं आहे. हा घोळ फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत २०१०-११च्या सुमारास मोठ्या कंपन्यांनी H+ लाच 4G म्हणून विकलं होतं. म्हणजे वरच्या पट्टीत कोणतं अक्षर दाखवायचं हा काही अंशी कंपनीचा निर्णय असतो, मोजमाप नसतं.

आणखी एक गोष्ट घाबरण्यासारखी वाटते, पण तशी नाही. फोन नुसता पडून असताना 3G दिसतं आणि पान उघडायला गेलं की H किंवा H+ होतं. काम नसताना फोन साध्या थ्रीजीवर विश्रांती घेतो, एवढंच.

दोन एमबीच्या कागदाचा हिशोब

वेगाचे आकडे एमबीपीएसमध्ये असतात आणि फाइलचा आकार एमबीमध्ये, म्हणून गल्लत होते. फाइलच्या एमबीला ८ ने गुणा, मग वेगाने भागा. आता शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी जातीच्या दाखल्याचा फोटो काढून त्याची २ एमबीची पीडीएफ केली, असं समजा. २ गुणिले ८ म्हणजे १६ मेगाबिट.

इथे अजून एक खाच आहे. कागद चढवताना म्हणजे अपलोड करताना वेग उतरवण्यापेक्षा बराच कमी असतो. E वर चढवण्याचा वेग ५० केबीपीएस धरला तर १६,००० भागिले ५० म्हणजे ३२० सेकंद, सव्वापाच मिनिटं. तेही एकदाही तुटलं नाही तर. एवढ्या वेळात एखादं सरकारी पोर्टल तुम्हाला बाहेर काढून पुन्हा लॉगिन मागू शकतं. H+ वर चढवण्याचा वेग १ एमबीपीएस धरला तर १६ सेकंद. 4G वर ५ एमबीपीएस मिळाला तर तीन-साडेतीन सेकंद.

म्हणून E च्या जागी असाल तर आधी फाइल लहान करा. तीच पीडीएफ २०० केबीवर आणली तर E वर अर्ध्या मिनिटात जाते. फोनमधल्या गॅलरीत फोटोचा आकार कमी करता येतो, आणि सेतू केंद्रावर हे काम दोन मिनिटांचं आहे. पाच मिनिटं गोल फिरत राहून शेवटी एरर येण्यापेक्षा हे बरं.

दोन कामं मात्र E वरही अडत नाहीत. ओटीपीचा एसएमएस यायला इंटरनेट लागत नाही, टूजीचा टॉवर पुरतो. आणि बँकेतली शिल्लक पाहणं किंवा पैसे पाठवणं `*99#` या क्रमांकावरून डेटाशिवाय होतं, त्यासाठी तुमचा मोबाइल नंबर बँकेत नोंदलेला हवा. यूपीआय अ‍ॅप E वर चालतं, पण उत्तर यायला वेळ लागतो आणि व्यवहार 'पेंडिंग' दाखवतो. अशा वेळी लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठवू नका. आधी शिल्लक तपासा.

एकाच अंगणात एकाला H+, दुसऱ्याला 4G

आज तुमच्या फोनवर H किंवा H+ दिसत असेल तर सिम बहुधा बीएसएनएलचं आहे. जिओने ५ सप्टेंबर २०१६ला सेवा सुरू केली तीच 4G वर. तिचं टूजी-थ्रीजी कधी नव्हतंच. एअरटेलने २०२०पर्यंत थ्रीजी बंद केलं आणि व्हीआयने नंतर टप्प्याटप्प्याने आवरलं. त्यामुळे खाजगी सिमवर आता 4G किंवा 5G असतं, नाहीतर थेट E. जिओच्या सिमवर तर E ही नाही. टॉवर संपला की नेटवर्कच संपतं.

बीएसएनएलने देशी बनावटीचं 4G देशभर सुरू केल्याचं २७ सप्टेंबर २०२५ला ओडिशातल्या झारसुगुडा इथे जाहीर झालं. नक्षलग्रस्त भागातल्या बीएसएनएलच्या २,३४३ टूजी टॉवरना 4G करण्याचा निर्णय त्याआधीच, एप्रिल २०२२मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने घेतला होता. त्या योजनेच्या दहा राज्यांत महाराष्ट्र आहे. तुमच्या गावचा टॉवर बदलल्याचं कानावर आलं असेल आणि तुमचा फोन मात्र H+ किंवा E वरच अडकला असेल, तर कारण चारपैकी एक असतं. ती याच क्रमाने तपासा. सोपं आणि फुकट ते आधी.

१. फोनमधलं सेटिंग. सेटिंग्जमध्ये मोबाइल नेटवर्क, मग तुमचं सिम, मग `Preferred network type`. तिथे 3G किंवा 2G निवडलेलं असेल तर 4G/LTE किंवा 5G असलेला वरचा पर्याय निवडा. कधीकाळी कुणीतरी बॅटरी वाचवायला ते खाली आणलेलं असतं आणि मग विसरलेलं असतं. दोन सिमचा जुना फोन असेल तर काहींमध्ये 4G फक्त डेटासाठी निवडलेल्या सिमलाच मिळतं, दुसरं सिम टूजीवर राहतं.

२. सिम. थ्रीजीच्या काळातलं जुनं सिम कार्ड 4G घेत नाही. नंबर तोच ठेवून नवं 4G सिम घ्यावं लागतं. बीएसएनएलच्या ग्राहक सेवा केंद्रात आधार आणि चालू सिम घेऊन स्वतः जा. इथे एक सावधगिरी आहे : नवं सिम सुरू झाल्यावर २४ तास एसएमएस बंद असतात. फसवणूक टाळण्यासाठी केलेला हा नियम आहे. म्हणून फॉर्मची शेवटची तारीख किंवा बँकेचं काम दुसऱ्या दिवशी असेल तर सिम बदलायला जाऊ नका, ओटीपी येणार नाही.

३. फोनचा बँड. हे कारण सर्वांत जास्त लपून राहतं. 4G वेगवेगळ्या लहरींच्या पट्ट्यांवर चालतं, त्यांना बँड म्हणतात. जिओ मुख्यतः बँड ३, ५ आणि ४० वापरते. बीएसएनएल ७०० मेगाहर्ट्झचा बँड २८ आणि २१०० मेगाहर्ट्झचा बँड १ वापरते. पाच-सात वर्षांपूर्वीच्या अनेक स्वस्त फोनांत बँड २८ नाही. फोनवर '4G' लिहिलेलं असतं, जिओचं सिम छान चालतं आणि तरी बीएसएनएलचं 4G दिसत नाही. खोक्यावर किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर तुमच्या मॉडेलपुढे `B28` आहे का, तेवढं पाहा. नसेल आणि तुमचा टॉवर बँड २८ वरच चालत असेल तर सिम कितीदाही बदललं तरी फरक पडणार नाही. नवा फोन घेताना दुकानदाराला हाच प्रश्न विचारा. ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांबवर जातात आणि झाडीतून त्यांचा मार्ग जास्त चांगला निघतो. सागाच्या आणि बांबूच्या रानात राहणाऱ्यांना हा बँड इतर कुणाहीपेक्षा जास्त उपयोगाचा आहे.

४. टॉवर. वरचं सगळं ठीक आणि शेजाऱ्याच्या फोनवरही 4G नाही, म्हणजे टॉवरच अजून जुना आहे.

काहींचा अनुभव उलटा असतो. "महिन्यापूर्वी H+ होतं, आता E आलं. 4G आणतो म्हणाले आणि होतं तेही गेलं." हेही याच कारणांमुळे होतं. 4G लावताना जुनं थ्रीजी अनेक ठिकाणी बंद केलं जातं. ज्याचं सिम किंवा फोन 4G घेऊ शकत नाही, त्याला मग टूजीशिवाय काही उरत नाही. ही माणसं बहुतेक वेळा जुना फोन वापरणारी, कमी उत्पन्नाची असतात. सुधारणा झाली आणि यांचा वेग मात्र वीस-तीस पटींनी घटला, याची आधी गावात दवंडी द्यायला हवी होती असं मला मनापासून वाटतं. निदान तुम्ही ग्रामसभेत ही माहिती सांगा : थ्रीजी बंद होण्याआधी सिम बदलून घ्या आणि फोनचा बँड तपासा.

4G आहे, दांड्या पूर्ण आहेत, तरी नेट चालत नाही

अक्षर सांगतं ते फक्त तुमच्या फोनपासून टॉवरपर्यंतचं. टॉवरपासून पुढे इंटरनेटपर्यंतचा मार्ग कसा आहे, हे वरच्या पट्टीत कुठेच दिसत नाही. घरापासून फाट्यापर्यंत डांबरी रस्ता असावा आणि फाट्यापुढे पायवाट, तशी गत असते. जंगलातल्या बऱ्याच टॉवरना जमिनीखालची फायबरची तार पोचलेली नाही. काही टॉवर रेडिओच्या दुव्याने दुसऱ्या टॉवरला जोडलेले असतात, काही उपग्रहावर अवलंबून असतात. उपग्रहाची जोडणी अरुंद असते आणि ती अख्ख्या टॉवरमध्ये, म्हणजे आसपासच्या सगळ्या गावांत वाटली जाते.

हे ओळखायला तीन मोजमापं पुरतात : सिग्नलचा खरा जोर, वेग आणि पिंग.

सिग्नलचा जोर पाहायला सेटिंग्जमध्ये `About phone`, मग `SIM status` किंवा `Status` उघडा. तिथे `Signal strength` पुढे dBm मध्ये उणे आकडा असतो. अनेक अँड्रॉइड फोनवर `*#*#4636#*#*` लावूनही हा आकडा दिसतो. सॅमसंगवर `*#0011#` आणि आयफोनवर `*3001#12345#*` लावा. 4G साठी उणे ९० किंवा त्यापेक्षा शून्याच्या जवळ असेल तर चांगला, उणे १०० ते ११० कसाबसा, उणे ११५च्या पलीकडे गेला की अक्षर 4G असलं तरी काम होणार नाही. दांड्यांवर विसंबू नका. किती आकड्याला किती दांड्या दाखवायच्या हे प्रत्येक फोन कंपनी आपापलं ठरवते.

वेग आणि पिंगसाठी दूरसंचार नियामक ट्रायचं मायस्पीड अ‍ॅप किंवा कोणतंही स्पीडटेस्ट चालेल. पिंग म्हणजे तुमचा निरोप जाऊन उत्तर परत यायला लागलेला वेळ. जोरदार 4G वर एका चाचणीला ५० ते १०० एमबी सहज खर्च होतात, हे ध्यानात ठेवून मोजक्याच चाचण्या घ्या : एक सकाळी सहाच्या आत, एक दुपारी आणि एक रात्री आठ ते दहाच्या दरम्यान, सगळ्या एकाच जागी उभं राहून. प्रत्येक वेळी अक्षर, dBm, वेग आणि पिंग वहीत लिहा.

मग निदान असं होतं.

समजा पहाटे अक्षर 4G, जोर उणे ८५, वेग १२ एमबीपीएस, पिंग ६० मिलिसेकंद. रात्री तोच जोर, पण वेग अर्धा एमबीपीएस आणि पिंग ३००. टॉवर जवळ आहे, मार्गही बरा आहे, पण गर्दी आहे. जागा बदलून उपयोग नाही, वेळ बदला. फॉर्म पहाटे भरा.

दुसऱ्या ठिकाणी अक्षर 4G, जोर उणे ११७, वेग तिन्ही वेळा पाव एमबीपीएस. इथे अडचण अंतराची किंवा आडव्या आलेल्या झाडीची आहे. पावसाळ्यात ओली पानं सिग्नल जास्त खातात, म्हणून उन्हाळ्यात सागाची पानगळ झाल्यावर चालणारी जागा आषाढात चालत नाही. यावर उपाय आहे. एक फोन माळ्यावर किंवा घराच्या उंच भागात, जिथे जोर सर्वांत चांगला दिसतो तिथे चार्जरला लावून ठेवा, त्याचा हॉटस्पॉट सुरू करा आणि खाली दुसऱ्या फोनवर काम करा. जोराचा आकडा दहाने सुधारला तरी फरक जाणवतो.

तिसऱ्या ठिकाणी अक्षर 4G, जोर उणे ८०, दांड्या पूर्ण, वेग तिन्ही वेळा अर्ध्या एमबीपीएसच्या आसपास आणि पिंग सतत ६००च्या वर. हा टॉवर उपग्रहावर आहे असं समजायला हरकत नाही. उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर वर असतो आणि निरोप तिथे जाऊन, खाली येऊन, पुन्हा तसाच परत येईपर्यंत अर्ध्या सेकंदाहून जास्त जातो. फोन बदलून, सिम बदलून, कौलावर चढून काही होणार नाही. फायबर येईपर्यंत दुसऱ्या कंपनीच्या टॉवरचा विचार करा.

चाचणीआधी दोन साध्या गोष्टी तपासून घ्या, नाहीतर निदान चुकतं. दिवसाचा डेटा संपला असेल तर कंपनी वेग ६४ किंवा ४० केबीपीएसवर आणते, म्हणजे E पेक्षाही खाली, पण वर अक्षर 4G च राहतं. रिचार्ज अ‍ॅपमध्ये शिल्लक डेटा पाहा. आणि दांड्यांजवळ उद्‌गारचिन्ह किंवा फुली दिसत असेल तर टॉवर आहे पण डेटा जोडला गेलेला नाही. मोबाइल डेटा चालू आहे का, आणि बीएसएनएलचं सिम असेल तर `APN` मध्ये `bsnlnet` आहे का ते पाहा.

फोन लावला की 4G का जातं

4G हे मुळात डेटासाठी बनलं. त्यावरून बोलायला VoLTE नावाची सोय लागते. ती फोनमध्ये बंद असेल, किंवा त्या फोनला कंपनीने मान्य केलेली नसेल, तर कॉलच्या वेळी फोन 4G सोडून टूजीवर उतरतो. मग वर E किंवा G दिसतं, बोलणं संपेपर्यंत नेट थांबतं आणि नंतर काही सेकंदांनी 4G परत येतं. हा बिघाड नाही. सेटिंग्जमध्ये सिमखाली `VoLTE` किंवा `4G Calling` चालू करून पाहा.

याच्याशी जोडलेला एक सापळा आहे. टॉवरच्या कडेला फोन सारखा 4G आणि E च्या मध्ये उड्या मारतो, कारण टूजी कमी लहरींवर लांब पोचतं आणि फोनला ते 'जोरदार' वाटतं. कुणीतरी सांगतं, `*#*#4636#*#*` मध्ये जाऊन `LTE only` करा. नेट सुधारतं, हे खरं. पण VoLTE नसेल तर त्या क्षणापासून तुमचा फोन लागणं बंद. घरात गरोदर बाई किंवा आजारी माणूस असेल आणि १०८ला फोन करायची वेळ येऊ शकत असेल, तर हे करू नका. फॉर्म भरण्यापुरतं केलं तर काम संपताच परत बदला.

सीमेवर R दिसलं तर

सिरोंचा, अहेरी, राजुरा आणि जिवतीच्या कडेच्या गावांत फोन पलीकडच्या तेलंगणाचा टॉवर पकडतो. कोरची-धानोऱ्याकडे छत्तीसगडचा. दांड्यांवर R येतो. मोबाइलच्या नकाशात तेलंगणा आंध्र प्रदेशच्या सर्कलमध्ये आणि छत्तीसगड मध्य प्रदेशच्या सर्कलमध्ये मोडतं, म्हणून सीमेच्या अलीकडे बसूनही तुम्ही 'रोमिंग'वर असता. बऱ्याच फोनांत `Data roaming` बंद ठेवलेलं असतं. मग 4G पूर्ण दिसतं, बोलणं होतं, नेट मात्र अजिबात नाही. ते चालू करा. देशातल्या रोमिंगला आताच्या बहुतेक पॅकमध्ये वेगळे पैसे पडत नाहीत, तरी आपला पॅक एकदा वाचा.

हेच बटण आणखी एका ठिकाणी कामी येतं. डिजिटल भारत निधीच्या पैशातून उभारलेल्या 4G टॉवरवर जिओ, एअरटेल आणि बीएसएनएल या कंपन्यांच्या ग्राहकांना एकमेकांचा टॉवर वापरता यावा, अशी सोय जानेवारी २०२५मध्ये सुरू झाली. गावात तुमच्या कंपनीचा टॉवर नसेल पण असा सरकारी मदतीचा टॉवर असेल, तर डेटा रोमिंग चालू करून आणि नेटवर्कची निवड 'ऑटोमॅटिक'वर ठेवून पाहा.

तक्रार कशी करायची आणि कंपनी कधी बदलायची

सरकारच्या जानेवारी २०२३च्या व्याख्येनुसार ब्रॉडबँड म्हणजे किमान २ एमबीपीएस उतरवण्याचा वेग. तुमच्या वहीत 4G लिहिलेलं आहे आणि तिन्ही वेळचा वेग त्याखाली आहे, तर तक्रारीला आधार आहे.

- आपल्या सिमवरून १९८ला फोन करा. हा क्रमांक तक्रारीसाठी असून मोफत आहे. "नेट हळू आहे" एवढंच सांगू नका. गाव, तारीख, वेळ, अक्षर, dBm, वेग आणि पिंग सांगा. एसएमएसने येणारा डॉकेट क्रमांक जपून ठेवा.
- उत्तर समाधानकारक नसेल किंवा आलंच नाही, तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत अपील करा. फी नाही. निकाल ३९ दिवसांत द्यावा लागतो.
- ग्राहक आयोगाचा मार्गही मोकळा आहे. मोबाइल कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ग्राहक आयोग ऐकू शकतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२मध्ये दिला आहे.
- गावातल्या पाच-सहा घरांनी वेगवेगळ्या डॉकेट क्रमांकांसह तक्रार केली आणि ग्रामपंचायतीने ते सगळे क्रमांक घालून एक पत्र दिलं, तर त्याला एकट्याच्या तक्रारीपेक्षा जास्त वजन येतं.

कंपनी बदलण्याआधी ट्रायच्या २०२४च्या नियमांमुळे आलेल्या एका हक्काचा उपयोग करून घ्या. कोणत्या भागात टूजी, 4G किंवा 5G पोचतं याचे नकाशे प्रत्येक कंपनीने आपल्या संकेतस्थळावर लावायचे आहेत. तुमचं गाव त्यात शोधा. पण नकाशावरचा रंग उघड्यावरचा सिग्नल दाखवतो, मातीच्या भिंतींच्या आतला किंवा दाट झाडीतला नाही. म्हणून नंबर लगेच पोर्ट करू नका. आधी त्या कंपनीचं सिम असलेला पाहुणा, शिक्षक किंवा आशाताई घरी आल्या की त्यांच्या फोनवर तुमच्याच अंगणात तीच मोजमापं घ्या आणि वहीत शेजारी लिहा. आकडे खरंच चांगले निघाले तर `PORT` लिहून जागा सोडून आपला दहा अंकी नंबर १९००ला एसएमएस करा. येणारा कोड चार दिवस चालतो. त्याच सर्कलमध्ये पोर्टिंग तीन कामाच्या दिवसांत व्हायला हवं, आणि सध्याच्या कंपनीत नंबरला ९० दिवस झालेले असले पाहिजेत. बीएसएनएल सोडून जिओकडे जाणार असाल तर एक विचार आधीच करा : 4G संपलं तिथे जिओच्या सिमवर बोलणंही संपतं. जंगलात तेंदू किंवा मोहासाठी लांब जाणाऱ्या माणसाने दुसऱ्या खणात टूजी असलेलं एक सिम ठेवावं.